रिकाम्या चौकटीचे दहा गुण

खातूबाईंना पुण्याच्या प्रशिक्षणाहून परत येऊन वर्ष होत आलं, तरी ते प्रशिक्षण त्यांच्या अंगातून उतरलं नव्हतं. रत्नागिरीच्या शाळेत त्या दहावीला इतिहास शिकवायच्या. इतिहास म्हणजे सनावळ्या पाठ करणं नव्हे, मुलाच्या हातात साधन द्या आणि त्याला बोलतं करा, असं तिथल्या प्राध्यापकांनी सांगितलं होतं. साधन म्हणजे जुनं पत्र, नाणं, भिंतीवरचं पोस्टर, नाहीतर व्यंगचित्र. ते कोणी काढलं, कधी काढलं, कोणासाठी काढलं, हे विचारायचं आणि मग त्यावर किती विश्वास ठेवायचा ते मुलांनीच ठरवायचं. बाईंना हे इतकं पटलं, की परत आल्यावर त्या घरी किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलटसुलट करून बघू लागल्या.

त्यामुळे शहाऐंशी सालच्या जानेवारीत तालुक्याच्या मुख्याध्यापक संघाने दहावीच्या पूर्वपरीक्षेचा इतिहासाचा पेपर काढायचं काम त्यांच्याकडे दिलं, तेव्हा त्यांनी प्रश्न पाचवा व्यंगचित्रावर घातला. तालुक्यात असा प्रश्न आजवर कोणी घातला नव्हता. गावातल्या जुन्या वाचनालयात इंग्रजी साप्ताहिकांचे बांधलेले खंड होते, वाळवी लागलेले. त्यातल्या एकोणीसशे एकोणीसच्या खंडात त्यांना हवं ते चित्र सापडलं. महायुद्ध संपलंय, तहाची बोलणी चाललीत. टेबलामागच्या मोठ्या खुर्चीत एक लठ्ठ मिशाळ माणूस बसलाय. त्याच्या कोटावर कोंबड्याचं चिन्ह, म्हणजे हा फ्रान्स. टेबलावर 'शस्त्रं खाली ठेवा' असा कागद, आणि टेबलाखाली चादरीआड त्याचीच नवीकोरी तोफ. दाराबाहेर एक हडकुळा माणूस, हातात टोकदार शिरस्त्राण घेऊन उभा. तो जर्मनी. त्याला बोलण्यांना बसू दिलेलं नाही, नुसतं सहीला बोलावतील तेव्हा यायचंय.

बाईंनी प्रश्न लिहिले ते असे:

(अ) खुर्चीवर बसलेली व्यक्ती कोणत्या देशाची प्रतिनिधी आहे? कशावरून ओळखले? (२)
(आ) टेबलाखाली काय दडवले आहे? (१)
(इ) दाराबाहेर उभा असलेला माणूस आत का येत नाही? (२)
(ई) चित्रकाराची सहानुभूती कोणाकडे आहे? चित्रातील दोन पुरावे द्या. (२)
(उ) चित्राखालील माहितीच्या आधारे, हे चित्र इतिहासाचे साधन म्हणून कितपत विश्वसनीय आहे ते सांगा. (३)

चित्र छापायचं तर ब्लॉक करायला हवा, आणि ब्लॉक करायचा तर काळ्या शाईतलं स्वच्छ रेखाटन हवं. खंडातल्या पिवळ्या पानावरून ते काही निघालं नसतं. म्हणून चित्रकलेच्या मोरजकर सरांनी ट्रेसिंग कागद लावून चित्र उतरवलं, ते कोल्हापूरला गेलं आणि तिथून जस्ताचा ब्लॉक एस.टी.च्या पार्सलने आला. पेपर काशीरामच्या छापखान्यात जुळायला पडला. बाईंचं काम तिथे संपलं, कारण संघाच्या गुप्ततेच्या नियमात पेपर काढणाऱ्यालाच पेपरचं प्रूफ दाखवायचं नाही असं कलम होतं. प्रूफ बघायचं संघाच्या चिटणिसांनी. चिटणीस म्हणजे बाईंच्याच शाळेचे मुख्याध्यापक, विचारे सर.

परीक्षेच्या दिवशी बाई आपल्याच शाळेत दहावीच्या वर्गावर होत्या. त्यांनी हौसेने एक पेपर हातात घेतला आणि उलटला. पाचव्या प्रश्नाखाली 'पुढील व्यंगचित्र काळजीपूर्वक पाहा' असं लिहिलं होतं. त्याखाली जाड काळ्या रेषांची सुबक चौकट होती. चौकटीत काही नव्हतं. चित्राखालची माहितीही नव्हती. आणि त्याखाली अ ते उ पाचही प्रश्न, एक काना-मात्रा न चुकता, जसेच्या तसे.

बाईंना वाटलं, हा एक पेपर बिघडला असेल. त्यांनी दुसरा बघितला, तिसरा बघितला. सगळ्या पेपरांवर तीच स्वच्छ पांढरी चौकट. मुलं पाचव्या प्रश्नाशी पोचली तशी एकेक मान वर यायला लागली. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, की चित्र आपण काढायचं का. मागच्या एकाने कागद उजेडासमोर धरून बघितला, आतून काही दिसतंय का म्हणून. बाईंनी शिपायाकरवी मुख्याध्यापकांना चिठ्ठी पाठवली. उलट चिठ्ठी आली: पेपर जसा आला आहे तसाच घ्यावा, खुलासा करू नये. गुप्ततेचा भंग होईल.

मग वर्ग लिहू लागला. बाईंच्या मनात होतं, की मुलं हा प्रश्न सोडून देतील. पण दहा गुण होते. दहा गुण कोण सोडतो?

उत्तरपत्रिका घरी आणून बाई तपासायला बसल्या आणि पाचव्या प्रश्नाशी येऊन अडकल्या. जवळजवळ प्रत्येकाने ते चित्र पाहिलं होतं. बारकाईने पाहिलं होतं. खुर्चीवरची व्यक्ती बहुतेकांच्या मते इंग्लंड होती, 'कारण ती बसलेली आहे'. एकाने अमेरिका लिहून 'तिच्या चष्म्यावरून ओळखले' असा पुरावा दिला होता. टेबलाखाली कोणाला बॉम्ब दिसला, कोणाला तहाचा कागद, कोणाला पैसे, आणि सात-आठ जणांना मांजर दिसलं. ते सगळे खिडकीकडच्या एकाच रांगेतले. इतक्या ठामपणे लिहिलं होतं, की बाईंना एकदा वाटून गेलं, आपल्याच नजरेतून मांजर सुटलं की काय.

सगळ्यात जास्त लिहिलं होतं ते दाराबाहेरच्या माणसावर. तो चपला काढतोय. त्याला आतल्यांनी पाहिलेलं नाही. तो उशिरा आलाय आणि सर रागावतील म्हणून थांबलाय. एका मुलाने लिहिलं होतं, 'तो मुंबईहून खूप वर्षांनी आला आहे व आतील माणसे आपलीच आहेत ना हे तो पाहत आहे.' ह्याला काय गुण द्यायचे? दोनपैकी शून्य द्यायला बाईंचा हात उचलला नाही, आणि दोन द्यायलाही उचलला नाही.

एकच मुलगी वेगळी निघाली. राही नावाची, आतल्या गावातून रोज चालत येणारी, वर्गात फारशी न बोलणारी. तिने अ ते ई समोर फक्त 'चित्र नाही' असं चार वेळा लिहिलं होतं. आणि उ ला लिहिलं होतं, 'हे साधन विश्वसनीय आहे की नाही हे सांगता येत नाही. ते कोणी व केव्हा काढले ही माहिती दिलेली नाही. प्रश्नांवरून चित्रात खुर्ची, टेबल, दार व निदान दोन माणसे असावीत एवढेच कळते. पण प्रश्न हे प्रश्न काढणाराचे मत आहे, ते चित्र नव्हे.' पुण्यात महिनाभर जे शिकवलं ते ह्या पोरीने रिकाम्या चौकटीवरून सांगितलं होतं. बाईंनी तीनपैकी तीन दिले आणि मग वरच्या चार प्रश्नांकडे बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या थेट छापखान्यात गेल्या. काशीराम मशीनवर लग्नपत्रिका काढत होता. त्याने हात पुसले, कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला ब्लॉक काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. ब्लॉक धडधाकट होता. चिटणीस स्वतः आले होते, प्रूफ बघून घाम पुसायला लागले आणि ब्लॉक काढ, त्याखालची माहितीही काढ म्हणाले, एवढं त्याने सांगितलं. प्रश्नांचं काय करू, असंही त्याने विचारलं होतं. तर प्रश्न मंजूर झालेले आहेत, गुणांची बेरीज जुळलेली आहे, त्याला हात लावायचा नाही, असं उत्तर मिळालं. मग नुसती मोकळी जागा छापणं त्याच्या मनाला येईना. छपाई चुकली असं लोक म्हणाले असते. म्हणून त्याने भोवती चौकट टाकली.

"पण काढलं का?" बाईंनी विचारलं.

काशीरामने ब्लॉकवर शाई फिरवली, कागद दाबला आणि ठसा त्यांच्यापुढे धरला. "तुम्हीच बघा," तो म्हणाला.

बाईंनी पाहिलं. तेच चित्र, तोच लठ्ठ माणूस. मग त्यांनी काशीरामच्या नजरेने पाहिलं. त्या मिशा, ती हनुवटीखालची वळी, गुडघ्यावर पंजा पालथा टाकून बसायची ती ढब. खुर्चीत रावजीशेट बसले होते.

रावजीशेट म्हणजे शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. हापूसच्या बागा, गावात मान, संघाच्या बैठका व्हायच्या तो हॉलही त्यांनीच बांधून दिलेला. विचारे सरांच्या मुदतवाढीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर पडून होता. बाई तशाच मोरजकर सरांकडे गेल्या. सर गोंधळले. मी काही केलं नाही, म्हणाले, नुसतं ट्रेस केलं. मग आठवून आठवून म्हणाले, की हॉलसाठी रावजीशेटचं तैलचित्र त्यांनी तीनदा काढलं होतं, दोनदा शेटना नाक पटलं नाही म्हणून. आता हात कुठलाही लठ्ठ माणूस काढायला घेतला की तिकडेच वळतो, त्याला ते तरी काय करणार. बाईंनी वाचनालयात जाऊन मूळ खंड उघडला. मूळ चित्रातला फ्रान्स रावजीशेटसारखा मुळीच दिसत नव्हता.

तोवर तालुक्यातून निरोप यायला लागले होते. प्रत्येक शाळेने आपापला मार्ग काढला होता. एका शाळेत पर्यवेक्षकाने मुलांना आधी चौकटीत चित्र काढायला लावलं आणि मग त्यावर प्रश्न सोडवायला सांगितले. दुसरीकडे इतिहासाच्या सरांनी फळ्यावर अंदाजाने काढून दिलं, त्यात दाराबाहेर दोन माणसं झाली. तिसऱ्या शाळेत सांगण्यात आलं, की ही मनाची परीक्षा आहे, डोळे मिटा म्हणजे चित्र दिसेल. आता सगळ्यांना नमुना उत्तरं हवी होती.

विचारे सरांनी संघाची बैठक बोलावली. हॉलमध्ये, रावजीशेटच्या तिसऱ्या तैलचित्राखाली. बाईंना निमंत्रित म्हणून बसवलं. काही तांत्रिक कारणाने चित्र छापलं जाऊ शकलं नाही, असं सरांनी सांगितलं, आणि पुढचा विषय घेतला. एकाने सुचवलं, सगळ्यांना दहा गुण देऊन टाका. त्यावर ज्या शाळेने चित्रं काढून घेतली होती ते मुख्याध्यापक उठले. आमच्या मुलांनी चित्र काढायचे जास्तीचे कष्ट घेतले, त्यांना इतरांइतकेच गुण का? दुसरा म्हणाला, प्रश्न रद्द करा. त्यावर तिसरा म्हणाला, की मग पेपर बेरजेला कमी भरेल, आणि कमी भरलेला पेपर ही परीक्षाच नव्हे.

तेव्हा बाई उठल्या. त्यांनी काशीरामने काढून दिलेला ठसा टेबलावर ठेवला. रावजीशेटचा विषय त्यांनी काढला नाही. एवढंच म्हणाल्या, की हे ते चित्र, ह्यावरून प्रश्न काढले, उत्तरं ह्यात आहेत, पण मुलांपुढे हे नव्हतं, तेव्हा उ सोडून कशालाच गुण देता येत नाहीत.

विचारे सरांनी ठसा उलटा करून ठेवला. "बाई," ते म्हणाले, "हे चित्र परीक्षेत नव्हतं. त्यामुळे ह्यावरून काढलेली उत्तरं अभ्यासक्रमाबाहेरची होतात."

आणि सगळ्यांना ते पटलं. बाईंना नीटसं कळलंही नाही, की हे कसं झालं. जे चित्र समोर होतं ते बाद ठरलं, आणि जे नव्हतं त्याची चर्चा सुरू झाली. बहुसंख्य मुलांना जे दिसलं ते ग्राह्य धरावं, असं कोणीतरी मांडलं. हात वर झाले. खुर्चीवर इंग्लंड आहे, असं भरघोस मतांनी ठरलं. टेबलाखाली मांजर की बॉम्ब ह्यावर बराच वाद झाला. बॉम्बवाले म्हणत होते, की विषय महायुद्धाचा आहे. मांजरवाले म्हणत होते, की दडवलं आहे म्हणजे ते जिवंत असणार. शेवटी मांजर दोन मतांनी निवडून आलं आणि तसं इतिवृत्तात लिहिलं गेलं. दाराबाहेरच्या माणसाबद्दल एकमत होईना, तेव्हा तो चपला काढतो आहे असं मानावं आणि त्यास हरकत नसावी, असा मजकूर मंजूर झाला. राहीसारखं 'चित्र नाही' लिहिणाऱ्या परीक्षार्थींनी प्रश्न नीट पाहिला नाही असं समजून शून्य द्यावं, असंही ठरलं. बाईंनी विरोधात हात वर केला. तो एकच होता.

एवढ्यावर हे मिटलं असतं. पण विचारे सरांना गप्प बसवेना. मुदतवाढीच्या अर्जाची आठवण द्यायला ते रावजीशेटकडे गेले आणि बोलता बोलता सांगून बसले, की आपल्यावरचं एक नको ते चित्र पेपरात येत होतं, ते मी वेळेवर काढून टाकलं. रावजीशेटनी साहजिकच विचारलं, कसलं चित्र. सर म्हणाले, ते आपण न बघितलेलंच बरं.

तिसऱ्या दिवशी बाईंना बोलावणं आलं.

रावजीशेट बागेत होते. मोहोर फुटला होता, गडी फवारणी करत होते आणि हवेला औषधाचा उग्र वास होता. बागेतल्या खोपटाच्या, मांगराच्या ओटीवर खुर्ची टाकून ते बसले होते, पंजा गुडघ्यावर पालथा टाकून, आणि त्यांच्या मांडीवर शाळेतून मागवलेली प्रश्नपत्रिका होती. हाताळून हाताळून मऊ पडलेली. बाईंना त्यांनी बसायला सांगितलं आणि कोकमाचं सरबत मागवलं. बाई बोलणी खायच्या तयारीने आल्या होत्या. पण माणूस रागावलेला दिसत नव्हता. झोप न झाल्यासारखा दिसत होता.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" सरबत आल्यावर त्यांनी विचारलं.

बाईंना काही उमगेना. रावजीशेटनी प्रश्नपत्रिका उचलली आणि पाचव्या प्रश्नावर बोट ठेवलं. दोन दिवस ते ह्या चौकटीकडे बघत होते. खुर्चीवर कोण बसलंय ते विचारेंनीच सांगितलं होतं. मग पुढचं त्यांचं त्यांना दिसायला लागलं. टेबलाखाली काय दडवले आहे? त्यांच्या ऑफिसच्या खोलीत टेबलाखाली गोणपाटाखाली आईची मोठी समई होती. वाटण्या झाल्या तेव्हा धाकट्या भावाने, बाळाने, जमीन नाही, घर नाही, तेवढी समई मागितली होती. रावजीशेटनी सांगितलं होतं, ती सापडत नाही. आणि मग गेल्या गणपतीत बाळा मुंबईहून आला, बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला, आत कोणी हाक मारील म्हणून वाट बघितली असेल, आणि तसाच मागे वळून गेला. रावजीशेट खिडकीतून बघत होते.

हे सगळं त्यांनी सरळ आवाजात सांगितलं, मध्ये एकदा फवारणीवाल्याला हाक मारून वरच्या फांद्या सोडू नको म्हणून बजावलंही. मग म्हणाले, की दाराबाहेर उभा असलेला माणूस आत का येत नाही, हे दोन गुणांना विचारता तुम्ही. त्याचं उत्तर मला येतं. पण चित्रकाराची सहानुभूती कोणाकडे आहे, हे वाचून माझं जेवण गेलं. गावात हे कोणाकोणाला ठाऊक आहे?

एरवी बाईंना हसू आवरावं लागलं असतं, पण हसू आलंच नाही. त्यांनी पिशवीतून दोन गोष्टी काढल्या. एक काशीरामचा ठसा. दुसरा, वाचनालयातून सही करून मागून आणलेला मूळ खंडच. दोन्ही त्यांच्या पुढ्यात मांडून, हे चित्र विलायतेतल्या कोणा चित्रकाराने महायुद्धाच्या तहावर काढलं, तुमचा जन्म तेव्हा झाला असेल नसेल, हे त्यांनी सावकाश सांगितलं. हा कोंबडा म्हणजे फ्रान्स. हा जर्मनी. ही तोफ.

रावजीशेटनी चष्मा लावला. मूळ चित्र बघितलं, मग ठसा बघितला. पुन्हा मूळ बघितलं. ठशातल्या लठ्ठ माणसावर त्यांची नजर बराच वेळ राहिली.

"हा तर विचारे," ते म्हणाले.

बाई चपापल्या. त्यांनी वाकून पाहिलं. खरंच की काय, असं क्षणभर वाटलं. विचारे सरांनाही मिशा होत्या. रावजीशेटना मात्र शंका उरली नव्हती. स्वतःला वाचवायला माझं नाव पुढे केलं पठ्ठ्याने, ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच थोडे सैलावले. मग पुन्हा कपाळाला आठी पडली. तोफ टेबलाखाली ठेवायची म्हणजे फार झालं, ते म्हणाले, समईचं एक ठीक आहे. बाईंनी विचारलं, म्हणजे तुमचं चित्रात काहीच नाही ना आता?

"चित्रात नाही," रावजीशेट म्हणाले. "प्रश्नात आहे."

बाईंनी त्यांना शिक्षिकेच्या धर्माला जागून समजावलं, की साधनात जे नाही ते त्यातून काढता येत नाही. चित्राने आपल्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. रावजीशेटनी मान डोलावली, जशी वर्गातली मुलं न पटता डोलावतात. मग त्यांनी गड्याला हाक मारली आणि ऑफिसच्या खोलीतली समई काढून, चिंचेने घासून, मुंबईला जाणाऱ्या कोणाबरोबर तरी बाळाकडे पोचवायला सांगितलं. बरोबर निरोप काय द्यायचा, असं गड्याने विचारलं. रावजीशेटनी बराच विचार केला. "सापडली म्हणावं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळेत विचारे सरांना रावजीशेटच्या ऑफिसातून बोलावणं आलं. आत काय झालं ते बाहेर आलं नाही. बाहेर आले ते सर स्वतः, उतरल्या चेहऱ्याने, आणि संध्याकाळपर्यंत संघाचं नवं परिपत्रक निघालं. आधीची नमुना उत्तरं रद्द. पाचव्या प्रश्नाचे दहा गुण सर्व परीक्षार्थींना सरसकट. मूळ चित्र पुन्हा नीट उतरवून, ब्लॉक करून, छापून प्रत्येक शाळेत वाटण्यात यावं, खर्च अध्यक्षांकडून. फक्त खुर्चीवरच्या माणसाला ह्या खेपेला मिशा मूळ चित्राप्रमाणेच असाव्यात, अशी खाली सूचना होती. मोरजकर सरांनी ते काम करताना शेजारी एक विद्यार्थी बसवून घेतला, हात वळला की सांगायला. विचारे सरांना मुदतवाढही मिळाली, एका वर्षाची. मात्र तेव्हापासून ते रावजीशेटसमोर खुर्चीवर बसत नाहीत, उभ्यानेच बोलतात, असं शाळेतले लोक सांगायचे.

गुण वाटले गेले त्या दिवशी राही शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आली. बाईंनी तिला आत बोलावलं. तिला दहापैकी दहा मिळाले होते. पण ती खूश नव्हती. मांजर लिहिणाऱ्यांनाही दहा, न लिहिणाऱ्यांनाही दहा, मग माझं बरोबर होतं की नाही ते कसं कळणार, असं तिचं म्हणणं होतं. बाईंनी तिला तिची उत्तरपत्रिका काढून दाखवली. उ पुढे त्यांनी तांबड्या शाईने लिहिलेले तीन गुण तसेच होते, त्यावर परिपत्रकाप्रमाणे काट मारून दहा केलेले. राहीने त्या तिनाकडे बघितलं आणि एवढा एक कागद घरी नेऊ का, विचारलं. नियमाने देता येत नव्हता. बाईंनी दिला.

नवी छापील चित्रं फेब्रुवारीत आली. बोर्डाची परीक्षा तोंडावर होती, पाचव्या प्रश्नाचा आता कोणाला काही उपयोग नव्हता. तरी बाईंनी एक तास काढला. चित्रं बाकाबाकांवर वाटली आणि एकही प्रश्न न विचारता पाच मिनिटं नुसतं बघायला सांगितलं. मुलांनी माना खाली घातल्या. इतके दिवस ज्याच्याबद्दल बोलत होती ते चित्र ती पहिल्यांदाच बघत होती. कोणी कोंबडा शोधला, कोणी तोफेची चाकं मोजली. खिडकीकडच्या रांगेने थोडा वेळ मांजर शोधलं आणि नाद सोडला.

मग मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "बाई, ह्याचे बूट ओले आहेत," तो म्हणाला.

बाईंनी आपल्या हातातलं चित्र डोळ्यांजवळ नेलं. दाराबाहेरच्या माणसाच्या पायाशी चार बारीक रेघा होत्या. त्या त्यांना जमिनीच्या वाटल्या होत्या. पाणी साचलेलं होतं. उंबऱ्यापाशी तेवढ्याच जागेत, म्हणजे तो तिथे बराच वेळ उभा असला पाहिजे. महिनाभर हे चित्र त्यांच्या डोक्यात होतं आणि ह्यावर त्यांनी प्रश्न घातला नव्हता. त्यांनी मुलाला पुढे बोलावलं आणि त्याला दिसलं ते सगळ्यांना दाखवायला सांगितलं.